कॉम्प्रेसरचं एक गणित आणि तीन चुकीची उत्तरं

प्रश्न: सर, मी रत्नागिरीला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गणित सुटत नाहीये. पाण्याने थंड होणारा दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर मिनिटाला १२ किलो हवा घेतो. हवा आत येताना १०१.३ किलोपास्कल, ३० अंश, विशिष्ट आकारमान ०.८५८५ घनमीटर प्रति किलो, वेग ८ मीटर प्रति सेकंद. बाहेर पडताना गेजवर ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, १५० अंश, आकारमान ०.१७६, वेग २०. आंतरिक ऊर्जा किलोमागे ८६.२ किलोज्यूल वाढते. थंड करणारं पाणी मिनिटाला ३६ लिटर, ते १२ अंशांनी तापतं. पॉवर काढा. माझं उत्तर पहिल्यांदा +६ किलोवॅट आलं, मग −८७.९, मग −५०.७. पुस्तकात −५४.३ आहे. कुठे चुकतोय? आणि पॉवर ऋण म्हणजे काय?

उत्तर:

तू तीनही उत्तरं लिहून पाठवलीस हे बरं केलंस, कारण आकड्यांवरूनच कळतंय काय झालंय ते. तीन वेळा तीन वेगवेगळ्या चुका झाल्यात, आणि प्रत्येक वेळी एकच. आधी बरोबर गणित समोर ठेवतो, मग एकेक उत्तर उलगडू.

```
Q - W = m [ (h2 - h1) + (C2² - C1²)/2000 ]
h = u + pv

m    = 12/60 = 0.2 kg/s
p2   = 6 × 98.07 + 101.3 = 689.7 kPa
p1v1 = 101.3 × 0.8585 = 86.97 kJ/kg
p2v2 = 689.7 × 0.176  = 121.39 kJ/kg
h2 - h1 = 86.2 + (121.39 - 86.97) = 120.62 kJ/kg
(20² - 8²)/2000 = 0.168 kJ/kg
Q    = -(36/60) × 4.187 × 12 = -30.15 kW

-30.15 - W = 0.2 × (120.62 + 0.168) = 24.16
W = -54.3 kW
```

आता तुझं पहिलं उत्तर, +६. हे दिसल्या दिसल्या पेन खाली ठेवायला हवं होतंस. अधिक ६ किलोवॅट म्हणजे हा कॉम्प्रेसर मोटर काढून घेतली तरी चालतोय आणि वर सहा किलोवॅट आपल्याला देतोय! असं यंत्र मिळालं तर मिरकरवाड्याच्या सगळ्या बर्फ कारखान्यांनी लाइटचं कनेक्शन तोडून टाकलं असतं.

झालं काय, तर तू पाण्याची उष्णता काढलीस. वस्तुमान गुणिले ४.१८७ गुणिले १२. पाणी तापलंय, म्हणून उत्तर अधिक ३०.१५ आलं. तेवढं बरोबर आहे, पण ते पाण्याचं उत्तर आहे. समीकरण मात्र तू हवेसाठी लिहिलंयस. पाण्याने जे घेतलं ते हवेने दिलं, म्हणून हवेच्या समीकरणात तोच आकडा उणे होऊन बसतो. तू चिन्ह न बदलता तो तसाच उचलून ठेवलास: ३०.१५ वजा २४.१६, झाले ६.

प्रश्नपत्रिकेत ही चूक करवून घेण्याची हमखास जागा म्हणजे 'पाणी उष्णता शोषून घेतं' हे वाक्य. 'शोषलं' म्हटलं की हात आपोआप अधिक लिहितो. कोणी शोषलं हे विचारायचं राहून जातं. म्हणून मी मुलांना गणित सुरू करण्याआधी एक तुटक रेषेचा चौकोन काढायला लावतो. चौकोनाच्या आत फक्त हवा. मग बाण: हवा आत, हवा बाहेर, शाफ्टचं काम आत, उष्णता बाहेर. बाण काढून झाल्याशिवाय चिन्ह लिहायचं नाही.

चौकोन कुठे काढायचा याला पर्याय आहेत, हेही सांगून ठेवतो. पाण्याचं जॅकेट आणि इंटरकूलरसुद्धा चौकोनाच्या आत घेतलंस, तर पाणी हा दुसरा प्रवाह होतो. ते आत येतं तेव्हा थंड, बाहेर जातं तेव्हा गरम. मग ३०.१५ हा आकडा उजव्या बाजूला प्रवाहाच्या एन्थाल्पीत येतो, अधिक चिन्हाने, आणि Q शून्य होतो. उत्तर तेच, −५४.३. काही मुलं पाणी आतही घेतात आणि Q सुद्धा लिहितात. मग उत्तर ८४ च्या पुढे जातं. तुझं तसं झालेलं नाही.

चिन्हांचा गोंधळ मुळात कुठून येतो माहीत आहे का? अकरावी-बारावीत तू पहिला नियम दोनदा शिकलायस. फिजिक्सच्या तासाला शिकवलं, की व्यवस्थेने बाहेर केलेलं काम अधिक. उष्णतेतून काम वजा केलं की आंतरिक ऊर्जेतली वाढ मिळते. केमिस्ट्रीच्या तासाला शिकवलं, की व्यवस्थेवर केलेलं काम अधिक, म्हणजे उष्णता अधिक काम बरोबर आंतरिक ऊर्जेतली वाढ. दोन्ही बरोबर आहेत. आपल्या मेकॅनिकलच्या पुस्तकांत बहुतेक ठिकाणी पहिली पद्धत असते. तिचा जन्म इंजिनाजवळचा आहे. उष्णता आत घालायची, काम बाहेर काढायचं, म्हणून आत येणारी उष्णता अधिक आणि बाहेर जाणारं काम अधिक. केमिस्ट्रीवाल्यांचा हिशेब वेगळा, त्यांच्याकडे जे आत येईल ते अधिक.

कोणतीही एक घे. घात तेव्हा होतो, जेव्हा समीकरण एका पद्धतीचं असतं आणि आकडा दुसऱ्या पद्धतीचा. याच गणितात उलटं विचारलं असतं: मोटरकडून ५४.३ किलोवॅट मिळतात, तर उष्णता किती? 'Q वजा W' लिहून W च्या जागी सरळ +५४.३ टाकलास, तर Q येतो +७८.५. म्हणजे कॉम्प्रेसरमधली हवा पाण्याकडून उष्णता घेतेय! १५० अंशांची हवा, गार पाण्याकडून. इथेही आकडा न तपासता फक्त चित्राकडे बघितलं तरी चूक दिसते.

आणि ऋण पॉवरचं विचारलंस, तर त्यात गूढ काही नाही. आपण 'बाहेर जाणारं काम अधिक' असं ठरवलं होतं. उत्तर उणे आलं, म्हणजे काम बाहेर गेलं नाही, आत आलं. कॉम्प्रेसर, पंप, पंखा यांना उणे यायलाच हवं. पेपरात शेवटी एक ओळ लिही: 'कॉम्प्रेसरला ५४.३ किलोवॅट पुरवावे लागतील'. मोटर मागवताना मात्र उणे ५४.३ ची मागवू नकोस.

दुसरं उत्तर, −८७.९. ही शुद्ध एककाची चूक. वेगाचे वर्ग: ४०० वजा ६४, भागिले दोन, म्हणजे १६८. हे १६८ ज्यूल प्रति किलो आहेत. तू ते किलोज्यूलच्या रांगेत उभे केलेस. शेजारी एन्थाल्पीचे १२०.६ किलोज्यूल बसलेत, त्यांच्यापेक्षा हे मोठे दिसायला लागले. खरं तर ते ०.१६८ आहेत, म्हणजे संपूर्ण उत्तरात ते जेमतेम ३३ वॅटचा फरक पाडतात. एक जुनी ट्यूबलाइट धर. म्हणूनच मी सूत्रात भागिले २ लिहीतच नाही, सरळ भागिले २००० लिहितो. उंचीचा भाग असेल तर तोही भागिले १००० करूनच. पाइप दोन मीटर वर गेला तर ९.८१ गुणिले २ हे १९.६ ज्यूल झाले. न भागता लिहिलेस तर −८७.९ सारखंच आणखी एक भूत उभं राहील.

डोळ्यांना सवय लाव. कॉम्प्रेसरमध्ये गतिज ऊर्जेचा भाग एन्थाल्पीच्या जवळपास जरी आला तरी संशय घ्यायचा. ते खरं ठरतं फक्त नोझलमध्ये, कारण तिथे वेग शेकडो मीटरचे असतात. ४०० मीटर प्रति सेकंदाला ८० किलोज्यूल होतात, तिथे ते टाकून चालत नाही.

तिसरं उत्तर −५०.७, आणि तीनांत मला हेच सगळ्यात धोक्याचं वाटतं. +६ ला हसता येतं, ८७.९ कडे बघून शंका येते. ५०.७ मात्र अगदी सभ्य दिसतं. परीक्षेत वेळ नसताना हेच उत्तर खाली दोन रेघा मारून लिहिलं जातं.

इथे तू ६ गुणिले ९८.०७ केलंस, ५८८.४ किलोपास्कल आले, आणि तिथेच थांबलास. वातावरणाचे १०१.३ मिळवायचे राहिले. शॉपवर सगळे 'सहा किलो प्रेशर' म्हणतात. गेजच्या तबकडीवर बाहेर किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि आत पीएसआय असतं, सहा किलोला तिथे ८५ च्या आसपास दिसतं. पण ती तबकडी फक्त वातावरणाच्या वरचा दाब दाखवते. कॉम्प्रेसर बंद करून ड्रेन कॉक उघडा ठेव, काटा शून्यावर येतो. टाकीत निर्वात थोडीच झाला? आत आपल्या खोलीतल्यासारखीच हवा आहे, १०१ किलोपास्कलवर.

आपण समुद्रसपाटीला राहतो म्हणून १०१.३ सरळ मिळवता येतात. हीच मशीन आंबोलीला नेली तर तिथे वातावरण सुमारे ९३ किलोपास्कल आहे, तेव्हा 'सहा किलो'चा निरपेक्ष दाब ६८१ च्या आसपास होईल. गेज तेच सहा दाखवेल.

चुकीचा दाब वापरल्याने नुकसान नेमकं कुठे झालं तेही बघ. दाब या समीकरणात फक्त pv मधून शिरतो. ५८८.४ गुणिले ०.१७६ म्हणजे १०३.६, असायला हवे होते १२१.४. किलोमागे १७.८ किलोज्यूल गळाले, सेकंदाला ०.२ किलो हवा, म्हणून बरोबर ३.६ किलोवॅट कमी. तुझं ५०.७ आणि पुस्तकातलं ५४.३ यांतला फरक हाच.

हे पकडायचं कसं? तापमानं दिलेली आहेत ना, मग दुसऱ्या वाटेने एन्थाल्पी काढ. हवेसाठी १.००५ गुणिले १२०, उत्तर १२०.६. दाबाच्या वाटेने आलेले १२०.६२ त्याच्याशी जुळले. गेजची चूक केलीस तेव्हा दाबाच्या वाटेने १०२.८ येत होते. दोन वाटांचे आकडे इतके लांब असतील तर गडबड दाबातच आहे हे तिथल्या तिथे कळतं. मात्र ही पडताळणी हवा आदर्श वायूसारखी वागते म्हणून चालते. वाफेच्या गणितात १.००५ घेऊन बसू नकोस, तिथे स्टीम टेबलच.

या वाटेवरही एक खड्डा आहे. १२० अंशांचा फरक म्हणजे १२० केल्विनच. पाण्याचे १२ अंश म्हणजेही १२ केल्विन. फरकात २७३ मिळवायचे नसतात. १२ चे २८५ करून पाण्याची उष्णता ७१६ किलोवॅट काढणारी वही मी दरवर्षी एक तरी बघतो.

आणि आंतरिक ऊर्जेत pv का मिळवायचा, फक्त ८६.२ का नाही घ्यायचे? कारण हवा आपल्या पायांनी आत येत नाही. बाहेरचं वातावरण तिला सक्शनमध्ये ढकलतं, किलोमागे ८७ किलोज्यूल खर्चून. डिलिव्हरीला मात्र आपण तिला सहा किलो दाबाच्या पाइपात ढकलतो, किलोमागे १२१ किलोज्यूल. या ढकलाढकलीतला फरक ३४.४, आणि तो मोटरच्या खिशातून जातो. बंद सिलिंडरचं गणित असतं, झडपा बंद आणि तीच हवा दाबली जातेय, तर ढकलणं नसतं आणि आंतरिक ऊर्जा पुरते. h आणि u मधली निवड अशी प्रवाह आहे की नाही यावरून होते. नळी जोडलेली आहे का, एवढं विचार.

आता हे ५४.३ खरे वाटतात का, हेही एकदा बघून घेऊ. ही हवा समतापी दाबली असती तर कमीत कमी काम लागलं असतं. ०.२८७ गुणिले ३०३ गुणिले दाबाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग, किलोमागे सुमारे १६७ किलोज्यूल, म्हणजे ३३.४ किलोवॅट. त्यापेक्षा कमी उत्तर पाणी घालून थंड होणाऱ्या कॉम्प्रेसरलाही येऊ शकत नाही, जोवर हवा ३० अंशांच्या खाली नेत नाहीस. ३३ आणि ५४ यांचं प्रमाण ६१ टक्के, दोन टप्प्यांच्या यंत्राला शोभेसं. मोटरची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर वीज ५९ किलोवॅट. ४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर ०.८५ ला क्लॅम्प मीटर ९७ अँपिअरच्या आसपास दाखवेल.

हे चिन्ह मला शिकवलं ते एका ऑपरेटरने, म्हणून ती गोष्ट सांगतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीजवळच्या एका मासळी कारखान्यात मी युटिलिटी सांभाळायचो. कॉम्प्रेसरला पाणी विहिरीचं. मे महिन्यात विहिरीत खारटपणा चढायचा. एके दिवशी ऑपरेटर खुशीत सांगत आला, "सायबानू, पाणी आता थंडगार भायर येता. बरा झाला मां?" मीही मान हलवली. थंड पाणी म्हणजे यंत्र थंड, असंच मला वाटलं. दोन दिवसांनी डिलिव्हरी पाइपवरचा रंग करपलेला दिसला.

तुझ्याच गणिताचे आकडे लावून बघ. जॅकेटमध्ये क्षार धरला, पाणी १२ ऐवजी ८ अंशच तापतंय. पाण्याने नेलेली उष्णता ३०.१५ वरून २०.१ वर आली. मोटर तेवढीच पॉवर देतेय असं धरू. मग ५४.३ मधून २०.१ गेले, उरलेले ३४.२ किलोवॅट हवेतच राहिले. भागिले ०.२ गुणिले १.००५, हवेचं तापमान १७० अंशांनी वाढलं. ३० ची हवा २०० अंशांवर बाहेर पडणार! प्रत्यक्षात हवेचं प्रमाण थोडं घटतं आणि पॉवरही हलते, त्यामुळे आकडा अगदी हाच येत नाही, पण दिशा हीच. एवढ्या तापमानाला तेलाचा कार्बन डिस्चार्ज व्हॉल्व्हवर चढतो, आणि डिलिव्हरी लाइनमध्ये आग लागण्याची वाट तिथूनच सुरू होते. आम्ही जॅकेट आणि इंटरकूलर उघडले तेव्हा नळ्यांत नखाएवढा जाड पांढरा थर होता.

पुढचं गणित हातासरशी करून ठेव. हीच हवा पुढे आफ्टरकूलरमध्ये १५० वरून ४५ अंशांवर येते. शाफ्ट नाही, म्हणून W शून्य. Q बरोबर ०.२ गुणिले १.००५ गुणिले उणे १०५, म्हणजे −२१.१ किलोवॅट. इथे उणे आपोआप येतं, कारण तू h2 मधून h1 वजा केलंस. वर आणखी एक उणे स्वतःहून लावू नकोस.

पण हे उत्तर कोरड्या हवेचं. जुलैत आपल्याकडे ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता धरली, तर किलोमागे २३ ग्रॅम पाणी हवेबरोबर आत येतं. ६९० किलोपास्कल आणि ४५ अंशांना हवेत नऊच ग्रॅम मावतात. उरलेले १४ ग्रॅम इंटरकूलर आणि आफ्टरकूलर मिळून खाली टाकतात. सेकंदाला ०.२ किलो हवेमागे ते तासाला सुमारे १० लिटर होतात, आणि तेवढी वाफ पाणी होताना आणखी सातेक किलोवॅट उष्णता सोडते. पुस्तकात ही सात किलोवॅट दिसणार नाहीत. कॉलेजच्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर याच्यापेक्षा बराच लहान असेल, तरी पावसाळ्यात त्याच्या ड्रेनखाली बादली ठेवून बघ.